बोर्डावरून स्टँडअपचा सारांश: काय हललं, काय अडलं, काय परत आलं

रोज सकाळी स्टँडअपच्या आधी ग्रुपवर पडणारा सारांश बहुतेक टीममध्ये एकाच पद्धतीने लिहिला जातो. जिरा उघडायचं, बोर्डावर ज्याच्या नावावर जे तिकीट दिसेल ते उतरवून काढायचं, पुढे ‘काम सुरू’ लिहायचं आणि पाठवून द्यायचं. दहा मिनिटांत होतं. कोणी तक्रारही करत नाही, कारण कोणी वाचतच नाही. बोर्ड सगळ्यांना दिसतोच, मग तेच पुन्हा ग्रुपवर कशाला वाचायचं?

अडचण अशी आहे की बोर्ड फक्त आत्ताची स्थिती सांगतो, आणि स्टँडअपला हवा असतो कालपासून आजपर्यंत पडलेला फरक. एखादं तिकीट In Progress मध्ये दिसतं. ते काल सुरू झालं, सहा दिवस तसंच पडून आहे की पूर्ण होऊन आज सकाळी परत आलं, हे त्या कॉलमकडे बघून कळत नाही. तिन्ही दिसायला एकसारखी. सारांश लिहिणाऱ्याचं काम या तिघांना वेगळं काढणं एवढंच आहे. ते कसं करायचं, ते एका टीमचा एका सकाळचा बोर्ड समोर ठेवून दाखवते.

उदाहरणाचा बोर्ड

महापे एमआयडीसीतली सहा जणांची टीम धरू. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी मेंटेनन्सची बिलं काढणारं ॲप बनवतात. टीम आणि नावं उदाहरणापुरती आहेत, पण असा बोर्ड तुम्ही पाहिलेला असणार. दोन आठवड्यांचा स्प्रिंट शुक्रवारी संपतो, आज बुधवार, ११ जून. स्टँडअप साडेदहाला. निम्मी टीम ऑफिसात, निम्मी घरी, आणि एकदोघं त्या वेळी ठाण्याहून येणाऱ्या लोकलमध्ये रबाळे-घणसोलीच्या आसपास कुठेतरी. सारांश त्यांनाही फोनवर, एका हातात, स्क्रोल न करता वाचता आला पाहिजे. लांबीची मर्यादा मी यावरूनच ठरवते: आठ-दहा ओळी, त्याहून जास्त नाही.

सकाळी दहाला बोर्डावर चौदा तिकिटं आहेत. सहा Done मध्ये. उरलेल्या आठांपैकी थकबाकीवरच्या व्याजाचं SOC-141 सायलीकडे, In Review मध्ये. यूपीआयची पावती ईमेलने पाठवायचं SOC-148 मनीषाताईंच्या नावावर, QA मध्ये. पार्किंग शुल्काचं SOC-150 आणि एक्सेलमधून सभासदांची यादी आत घेण्याचं SOC-155 ही दोन्ही फरहानकडे, In Progress मध्ये. पेमेंट गेटवे जोडण्याचं SOC-152 ओंकारकडे, तेही In Progress, फक्त त्यावर झेंडा लावलेला. बाकी 157, 158 आणि 160 To Do मध्ये.

यावरून उतरवून काढलेला सारांश असा होईल: सायलीचं व्याजाचं काम रिव्ह्यूत, मनीषाताई पावतीवर काम करत आहेत, फरहान पार्किंग आणि एक्सेलवर, ओंकार गेटवेवर. यातलं प्रत्येक वाक्य बोर्डाशी जुळतं. तरी वाचणाऱ्याला यातून जे समजेल त्यातलं निम्मं चुकीचं असेल. का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: ‘काल’ म्हणजे कधीपासून ते ठरवा

‘काल’ म्हटलं की आपण मध्यरात्रीपासून मोजायला लागतो. स्टँडअपचा काल मात्र मागच्या स्टँडअपपासून सुरू होतो. काल अकरा वाजता हललेलं तिकीट काल सकाळच्या सारांशात नव्हतं, आणि आज पहाटेपासून मोजलं तर आजच्याही सारांशात येणार नाही. रात्री उशिरा तिकिटं हलवणारे लोक प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांचं काम नेमकं अशा फटीत पडतं.

म्हणून मी कालच्या सारांशात पहिल्याच ओळीत लिहून ठेवलेली वेळ उचलते आणि ती तशीच शोधात टाकते. जिराची शोधभाषा तारखेसोबत तास-मिनिटंही घेते:

```
project = SOC AND sprint in openSprints()
AND status CHANGED AFTER "2025/06/10 10:05"
ORDER BY updated DESC
```

बरेच जण इथे `-24h` किंवा `-1d` लिहितात. मंगळवार ते शुक्रवार त्यानेही भागतं. पण सोमवारी शुक्रवारचा अख्खा दिवस हातातून जातो, आणि मधे सणाची सुट्टी आली की पुन्हा तेच. शिवाय काल सारांश १०:०५ ला काढला आणि आज १०:१५ ला, तर मधली दहा मिनिटं कुठेच मोजली जात नाहीत. पक्की वेळ टाकली की या सगळ्याचा विचारच करावा लागत नाही. सोमवारी शुक्रवारची तारीख टाकायची, झालं.

एक गोष्ट एकदाच तपासून घ्या: जिरा ही वेळ तुमच्या प्रोफाइलमध्ये लावलेल्या टाइम झोनप्रमाणे वाचतं. अकाउंट परदेशातल्या क्लायंटने बनवून दिलं असेल तर तिथे भलताच झोन असू शकतो, आणि मग सकाळचे १०:०५ म्हणजे त्यांच्याकडचे १०:०५ धरले जातात. ओळखायला सोपं आहे. आत्ता एखाद्या तिकिटावर कमेंट टाका आणि तिच्यावर माउस नेऊन वेळ बघा, हातातल्या घड्याळाशी जुळली पाहिजे.

दुसरी पायरी: हललेल्या तिकिटांचा इतिहास उघडा

वरच्या शोधात आपल्या उदाहरणात तीन तिकिटं येतात: 139, 148 आणि 150. यादी आली की थेट लिहायला बसायचं नाही. प्रत्येक तिकीट उघडायचं, खाली Activity मध्ये History वर जायचं आणि तिथली स्थितीबदलाची ओळ वाचायची. तीन-चार तिकिटांना दोन-तीन मिनिटं लागतात, आणि सगळ्या प्रक्रियेत हीच मिनिटं सर्वांत मोलाची आहेत.

139 सरळ आहे. पावती क्रमांकांच्या मालिकेचं काम, ओंकारचं, काल दुपारी QA मधून Done मध्ये गेलं. एक ओळ.

148 मध्ये गंमत आहे. बोर्डावर नाव मनीषाताईंचं आहे, कारण या टीममध्ये तिकीट चाचणीला गेलं की टेस्टरच्या नावावर करतात. इतिहासात दिसतं की काल संध्याकाळी सहाला निखिलने ते रिव्ह्यूतून QA मध्ये टाकलं आणि त्याच वेळी नाव बदललं. म्हणजे काल त्यावर काम झालं ते निखिलचं, आणि आज काम आहे ते मनीषाताईंचं. नुसतं बोर्ड बघून लिहिलं असतं तर निखिलच्या नावावर काहीच नसतं. असं चार दिवस झालं की ज्याचं काम पटापट पुढे सरकतं तोच सारांशात रिकामा दिसायला लागतो. सारांश वरपर्यंत जात असेल तर हे भलतंच महागात पडतं.

आता 150. बोर्डावर ते In Progress मध्ये शांतपणे बसलंय. इतिहास सांगतो की काल सकाळच्या सारांशाच्या वेळीही ते In Progress मध्येच होतं, पण काल संध्याकाळी साडेपाचला Done मध्ये गेलं आणि आज सकाळी ९:४० ला मनीषाताईंनी परत आणलं. सोबत कमेंट: एकाच फ्लॅटला दोन गाड्या असतील तर दुसऱ्या गाडीचं शुल्क बिलात धरलंच जात नाही. त्या दिवशीच्या स्टँडअपला सर्वांत महत्त्वाची बातमी हीच होती, आणि बोर्डावर तिचा मागमूसही नाही. फरहानने तिकीट मिटवून रात्री लॅपटॉप बंद केला असेल, तर ही बातमी त्याच्याही कानावर अजून गेलेली नसेल.

परत आलेलं तिकीट हे मी सारांशात कायम वरच्या बाजूला ठेवते. जे पूर्ण झालं असं सगळ्यांनी धरून चाललं होतं ते पूर्ण नाही, यावर इतरांची कामं अवलंबून असू शकतात.

ज्यांच्याकडे असा शोध नाही त्यांच्यासाठी

काही टीम साध्या शीटवर चालतात, काहींच्या ट्रॅकरमध्ये इतिहासावर शोध घेता येत नाही. त्यांनी रोज सारांशाच्या वेळी तिकिटांची यादी शीटच्या एका पानावर उतरवून ठेवायची: पहिल्या रकान्यात तिकीट क्रमांक, दुसऱ्यात शीर्षक, तिसऱ्यात स्थिती. कालच्या पानाला `Kal` नाव द्या आणि आजच्या पानावर चौथ्या रकान्यात हे टाका:

```
=IF(XLOOKUP(A2, Kal!A:A, Kal!C:C, "New")<>C2, "Moved", "")
```

काल नसलेलं किंवा स्थिती बदललेलं तिकीट लगेच उठून दिसतं. पण याची मर्यादा ओळखून वापरा. 150 या सूत्रात सापडणारच नाही: काल In Progress, आज In Progress, फरक शून्य. मधल्या वेळेत ते जाऊन आलं हे दोन पानांच्या तुलनेत दिसत नाही. यावर उपाय एकच, टेस्टिंग करणाऱ्या व्यक्तीला रोज विचारायचं, ‘काही परत पाठवलंत का?’ शिवाय काल असलेलं आणि आज यादीतूनच गेलेलं तिकीटही हे सूत्र दाखवत नाही. ते पाहायचं तर तुलना उलटी, कालच्या पानावरून आजच्या पानाशी करावी लागते.

तिसरी पायरी: न हललेली तिकिटं

नवखे लिहिणारे हमखास इथे अडखळतात. बदलांची यादी केली की अडकलेलं काम आपोआप यादीबाहेर पडतं, कारण त्यात बदलच झालेला नसतो. जितकं जास्त अडकलेलं, तितकं जास्त अदृश्य. म्हणून दुसरा शोध वेगळा लावावाच लागतो:

```
project = SOC AND sprint in openSprints()
AND statusCategory = "In Progress"
AND NOT status CHANGED AFTER -2d
```

`statusCategory` वापरण्याचं कारण असं की In Review आणि QA हेही सहसा याच गटात मोडतात, त्यामुळे रिव्ह्यूत कुजत पडलेलं तिकीटही सापडतं. `-2d` हे पंचांगातले दिवस आहेत, कामाचे नव्हेत. बुधवार ते शुक्रवार ते बरोबर बसतं. सोमवारी आणि मंगळवारी `-4d` करा, नाहीतर शनिवार-रविवारच्या सुट्टीमुळे धडधाकट तिकिटंही अडकलेली दिसतील. दोन दिवसांचा आकडा काही शास्त्राने सिद्ध केलेला नाही. तुमच्या टीममध्ये एक तिकीट एरवी किती दिवस एका कॉलममध्ये राहतं ते बघून ठरवा.

पुष्कळ जण या कामासाठी `updated` बघतात. त्याच्यावर विसंबू नका. कोणी लेबल लावलं, कोणी कमेंटमध्ये ‘ओके’ लिहिलं, कोणी दहा तिकिटांवर एकदम एखादी नोंद बदलली, की `updated` ताजं होतं. काम तसूभरही पुढे गेलेलं नसतं. आपलं 155 त्याचाच नमुना आहे. गेल्या मंगळवारपासून In Progress मध्ये पडून आहे, पण आज सकाळी कोणीतरी त्याला रिलीजचं लेबल लावलं, म्हणून `updated` आजचं दाखवतं.

या शोधात आपल्याला तीन तिकिटं मिळतात. 141, जे शुक्रवारी दुपारपासून रिव्ह्यूत आहे. 155, आत्ताच सांगितलेलं. आणि 152, ज्यावर झेंडा आहे. झेंड्यांसाठी वेगळा शोधही लावता येतो, कारण काल लावलेला झेंडा स्थितीबदलात मोजला जात नाही आणि दोन दिवसांच्या आतलं तिकीट वरच्या शोधातही येत नाही:

```
project = SOC AND sprint in openSprints() AND Flagged is not EMPTY
```

झेंडा दिसला की त्यासोबतची कमेंट वाचा. 152 वर ओंकारने गुरुवारी लिहिलंय की गेटवेवाल्यांकडून चाचणीची ‘की’ यायची आहे, मेल केला आहे. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे मेलला चार कामाचे दिवस होत आले. सारांशात ‘ब्लॉक्ड’ एवढंच लिहून उपयोग नाही. कशासाठी, कोणाकडून आणि कधीपासून, या तीन गोष्टी आल्या तर स्टँडअपला कोणीतरी ‘मी फोन करते त्यांना’ असं म्हणण्याची शक्यता निर्माण होते.

राहता राहिली स्प्रिंटमध्ये मधेच शिरलेली तिकिटं. नवं बनवलेलं असेल तर `created` वर शोधता येतं. पण बॅकलॉगमधून ओढून आणलेलं जुनं तिकीट तसं सापडत नाही, कारण जिराचा CHANGED हा शब्द स्थिती, जबाबदार व्यक्ती, प्राधान्य अशा मोजक्याच रकान्यांवर चालतो आणि स्प्रिंट त्यात नाही. त्यासाठी Sprint Report उघडा. स्प्रिंट सुरू झाल्यावर आलेल्या तिकिटांपुढे तिथे चांदणी असते, आणि काढून टाकलेल्यांची यादी वेगळी असते. आपल्याकडे 160 वर चांदणी आहे. प्रॉडक्ट ओनर मॅडमनी काल टाकलं. तीन दिवस उरले असताना.

चौथी पायरी: अंदाज लिहू नका, विचारा

आत्तापर्यंत काय आणि कधी हे हातात आलं. का, हे बहुतेक वेळा बोर्डावर नसतं. आणि नेमका इथेच हात शिवशिवतो. फरहानकडे दोन तिकिटं आहेत, त्यातलं पार्किंगचं त्याने कालपर्यंत पूर्ण करत आणलं होतं, म्हणजे एक्सेलचं त्यामुळेच मागे पडलं असणार. तर्क चांगला आहे. ‘फरहान पार्किंगच्या कामात गुंतल्यामुळे एक्सेलचं काम थांबलं’ असं वाक्य तयारही होतं डोक्यात.

ते लिहायचं नाही. सव्वादहाच्या आधी त्याला थेट मेसेज टाकायचा, ग्रुपवर नव्हे:

‘अरे फरहान, १५५ गेल्या मंगळवारपासून हललेलं दिसत नाही. कशासाठी थांबलंय? आणि १५० मनीषाताईंनी सकाळी परत पाठवलंय, बघितलंस का?’

उत्तर आलं: ‘१५० आत्ता बघतोय, दुपारपर्यंत देतो. १५५ चा कोड झालाय गं, पण वाशीच्या त्या सोसायटीची खरी एक्सेल फाइल मॅडमकडून यायचीय. माझ्या नमुना फाइलवर चालतंय, त्यांच्या फाइलमध्ये कॉलम कसे आहेत माहीत नाही.’

म्हणजे तर्क साफ चुकला असता. फरहानला वेळ कमी पडत नव्हता, फाइल यायची होती, आणि ती आणणारी व्यक्तीच वेगळी. आपण अंदाज छापला असता तर स्टँडअपमध्ये चर्चा झाली असती की फरहानचं एक काम दुसऱ्याला देऊ या, आणि फाइल मॅडमच्या मेलबॉक्समध्येच राहिली असती. अंदाज लेखी आला की तो बोर्डाइतकाच खरा वाटतो, आणि मग तो खोडून काढायची जबाबदारी बिचाऱ्या तिकीटवाल्यावर येते.

सायलीलाही तसंच विचारलं. ‘निखिल बघणार होता, पण तो पावतीच्या मागे होता,’ असं ती म्हणाली. हे तिचं म्हणणं आहे, बोर्डावर नाही, म्हणून लिहितानाही तसंच लिहायचं. उत्तर आलंच नाही तर ‘कारण बोर्डावर नाही’ असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही, उलट स्टँडअपला तोच प्रश्न आधी विचारला जातो.

विचारायला जास्तीत जास्त तीन तिकिटं निवडा. सगळ्यांना सगळं विचारत बसलात तर तो दुसरा स्टँडअप होतो.

पाचवी पायरी: लिहिणं

माणसांप्रमाणे लिहायचं की कामाप्रमाणे, यावर टीममध्ये वाद असतात. माझं मत ठाम आहे: कामाप्रमाणे. माणसांप्रमाणे लिहिलं की सारांशाचा हजेरीपट होतो, प्रत्येकाच्या नावापुढे काहीतरी असलंच पाहिजे असं वाटायला लागतं आणि ते काहीतरी भरलं जातं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न आपण अजून घोकतो. पण स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकले आहेत. तिथे स्टँडअपला पंधरा मिनिटं आहेत आणि भर स्प्रिंटच्या ध्येयाकडे किती सरकलो यावर आहे.

क्रम असा ठेवते: आधी ज्यावर आज कोणीतरी निर्णय घ्यायचा आहे ते, मग पुढे सरकलेलं, मग बाकी एका ओळीत. पुढे सरकलेलं लिहिताना बोर्डाच्या उजव्या टोकाकडून डावीकडे यायचं, म्हणजे पूर्ण होण्याच्या जवळचं आधी. आपल्या बुधवारचा सारांश असा झाला:

> बुधवार ११ जून, बोर्ड १०:०५ चा. १४ पैकी ६ पूर्ण, शुक्रवारी स्प्रिंट संपतो.
>
> परत आलं: SOC-150 पार्किंग शुल्क. दुसऱ्या गाडीचं शुल्क बिलात येत नाही (मनीषाताई, ९:४०). फरहान म्हणतो दुपारपर्यंत देतो.
>
> अडलंय: SOC-152 गेटवे. चाचणीची ‘की’ गेटवेवाल्यांकडून यायची, गुरुवारपासून. मेलनंतर पाठपुरावा बोर्डावर नाही.
> SOC-155 एक्सेल. फरहान म्हणतो कोड तयार, वाशीच्या सोसायटीची फाइल मॅडमकडून हवी.
> SOC-141 व्याज. शुक्रवारपासून रिव्ह्यूत. सायली म्हणते निखिल बघणार होता. आज कोण बघणार?
>
> पुढे सरकलं: SOC-139 पावती मालिका पूर्ण (ओंकार). SOC-148 यूपीआय पावती निखिलने चाचणीला दिली, आज मनीषाताईंकडे.
>
> नवीन: SOC-160 काल स्प्रिंटमध्ये आलं, कोणाच्या नावावर नाही. 157 आणि 158 सुरू झालेली नाहीत.

थोडं थांबून बघा, कुठलं वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे. ‘गुरुवारपासून’ हे झेंड्याच्या कमेंटवरून. ‘फरहान म्हणतो’ हे त्याच्या मेसेजवरून, म्हणून त्याच्या तोंडी. ‘पाठपुरावा बोर्डावर नाही’ असं लिहिलंय, ‘ओंकारने पाठपुरावा केला नाही’ असं नाही. त्याने दोनदा फोनही केला असेल, फक्त लिहिलं नसेल. हा फरक शब्दाचा वाटतो, पण दुसरं वाक्य ग्रुपवर वाचून ओंकारचा दिवस कसा जाईल ते बघा.

पहिल्या ओळीतली वेळ विसरू नका. १०:०५ नंतर कोणी तिकीट हलवलं तर ‘हे चुकीचं आहे’ असा मेसेज येतोच. वेळ लिहिलेली असली की वाद होत नाही, आणि उद्याच्या पहिल्या शोधात टाकायला ती तयार मिळते. ‘१४ पैकी ६’ या आकड्यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. तिकिटं लहानमोठी असतात, आणि इथे तर काल संध्याकाळी हाच आकडा ७ होता. 150 परत आल्याने तो ६ झाला. दोन दिवसांचे सारांश शेजारी ठेवून कोणी विचारलं तर उत्तर हाताशी असावं.

टक्केवारीच्या फंदात मी पडत नाही. ‘८० टक्के झालं’ हे बोर्डावर कुठेच नसतं, आणि उरलेल्या २० टक्क्यांत काय आहे ते कोणी सांगत नाही.

बोर्डच खोटा असेल तर

वरची सगळी पद्धत एका गृहीतावर उभी आहे: लोक काम होतं तेव्हा तिकीट हलवतात. तसं होत नसेल तर इतिहासातच कळतं. History मधल्या वेळा बघा. सगळे बदल ९:५० ते १०:०५ च्या मधे गर्दी करून असतील, तर लोक कामाबरोबर नव्हे, सारांशाच्या धाकाने तिकिटं हलवतायत. अशा बोर्डावर ‘आज सकाळी रिव्ह्यूत गेलं’ याचा अर्थ ते कधीतरी परवा गेलं असेल, आणि न हललेल्यांचा शोधही उशिराने जागा होतो.

दुसरं लक्षण म्हणजे In Progress मधून थेट Done मध्ये उडी. या टीममध्ये रिव्ह्यू आणि QA हे टप्पे आहेत, मग तिकीट मधले कॉलम गाळून कसं गेलं? एक तर टप्पे खरंच गाळले गेले, किंवा तीन दिवसांच्या हालचाली एकदम भरल्या. दोन्हीही विचारण्यासारखं आहे, आणि हे जिरालाच शोधायला लावता येतं:

```
project = SOC AND sprint in openSprints()
AND status CHANGED FROM "In Progress" TO "Done"
```

असं वारंवार दिसलं तर लोकांना शिस्तीचं व्याख्यान देण्याआधी पुल रिक्वेस्ट उघडली की तिकीट आपोआप In Review मध्ये आणि मर्ज झाली की QA मध्ये जाईल असा ऑटोमेशनचा नियम लावून घ्या. कोडचं भांडार जिराला जोडलेलं असेल तर हा नियम जिराच्या ऑटोमेशनमध्येच बनवता येतो, प्रोजेक्ट ॲडमिनला सांगितलं की अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर हाताने हलवायची फक्त दोन ठिकाणं उरतात: काम सुरू करताना, आणि टेस्टरने पास किंवा परत करताना. स्टँडअपमध्ये बोलण्यातून जे नवीन कळलं, जसं ओंकारने काल फोन केला होता, ते तिथल्या तिथे तिकिटावर कमेंट म्हणून टाकायला सांगा. ग्रुपवरच्या सारांशाखाली उत्तर म्हणून लिहिलेलं उद्या शोधात येत नाही.